दोनशे पंचवीस चौरस फूट आणि एक पडदा: मूल होत नाही म्हणून आलेल्या जोडप्याचे प्रकरण

हे जोडपे माझ्याकडे समुपदेशनासाठी स्वतःहून आले नव्हते. स्त्रीरोगतज्ज्ञांनी त्यांना पाठवले होते आणि सोबतच्या चिठ्ठीवर एकच ओळ होती: ‘सर्व तपासण्या सामान्य, संबंध किती वेळा होतात ते विचारावे.’ लग्नाला २८ महिने झाले होते. पत्नी २७ वर्षांची, पती ३१ वर्षांचा. वर्षभरात तिच्या रक्ताच्या आणि संप्रेरकांच्या तपासण्या, सोनोग्राफी, गर्भनलिकांचा एक्स-रे आणि त्याची वीर्यतपासणी असे सगळे पार पडले होते. कशातच काही सापडले नव्हते. आधीच्या एका डॉक्टरांनी तीन महिने बीजांडाच्या वाढीची सोनोग्राफी करून बाराव्या, चौदाव्या आणि सोळाव्या दिवशी संबंध ठेवण्यास सांगितले होते. जिथे ते ठेवायचे त्या घरात कोण कोण राहते, कोण कुठे झोपते आणि दाराला कडी आहे का, हे मात्र त्यांना कोणीच विचारले नव्हते.

(दोघांच्या लेखी संमतीने हे प्रकरण लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून व्यवसाय आणि काही तपशील बदलले आहेत आणि नावे वगळली आहेत.)

पहिल्या भेटीला सासूबाई बरोबर आल्या होत्या आणि आत येऊन बसण्याची त्यांची इच्छा होती. मी त्यांना बाहेर बसवले आणि दोघांशी आधी वेगवेगळे, प्रत्येकी अर्धा तास बोलले. हा क्रम मी सहसा मोडत नाही. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या जोडप्याला एकमेकांसमोर खरे बोलण्याचीही सवय उरलेली नसते. घरात जे काही बोलले जाते ते कोणीतरी ऐकते, म्हणून महत्त्वाचे काही बोलायचेच नाही असा नियम दोघांनीही नकळत स्वीकारलेला असतो.

संबंध किती वेळा आले, या प्रश्नाला पत्नीने बराच वेळ उत्तर दिले नाही. मग ती म्हणाली, “मॅडम, मोजता येतील.” आम्ही खरोखरच मोजले. गणपतीला आणि मे महिन्यात संगमेश्वरजवळच्या गावी गेले असताना, नणंदेच्या घरी एकदा, लग्नानंतर महाबळेश्वरला चार दिवस आणि मुंबईतल्या घरात काही वेळा, असे सगळे मिळून २८ महिन्यांत वीसच्या आत. शेवटच्या आठ महिन्यांत तीन प्रयत्न, आणि तिन्ही अर्धवट. पतीने वेगळ्या खोलीत साधारण हाच आकडा सांगितला.

वर्षभर नियमित आणि गर्भनिरोधकांशिवाय संबंध येऊनही गर्भधारणा झाली नाही, तरच वैद्यकशास्त्र त्याला वंध्यत्व म्हणते. त्या व्याख्येतला ‘नियमित’ हा शब्द इथे कोणी तपासलाच नव्हता. बीजांड सुटल्यानंतर ते जेमतेम एक दिवस टिकते आणि शुक्राणू शरीरात पाचेक दिवस तग धरतात, म्हणजे एका पाळीच्या चक्रात गर्भधारणेची शक्यता सहा दिवसांपुरतीच असते. दीड-दोन महिन्यांतून एकदा, तेही सुट्ट्यांच्या सोयीने जवळ येणाऱ्या जोडप्याची त्या सहा दिवसांशी गाठ पडणे हा निव्वळ योगायोग. त्यांना मूल न होण्याचे कारण त्यांच्या शरीरात नव्हते. ते त्यांच्या घराच्या नकाशात आणि त्या घराच्या रात्रीत होते.

घर आणि घराची रात्र

हे कुटुंब मूळचे लालबागच्या चाळीतले. चाळीत त्यांची दहा बाय बाराची खोली होती, वर पोटमाळा, बाहेर सामाईक गॅलरी आणि गॅलरीच्या टोकाला संडास. चाळीचा पुनर्विकास झाला आणि २००७ मध्ये त्यांना त्या वेळच्या नियमाप्रमाणे २२५ चौरस फुटांचे घर मिळाले. सातवा मजला, लिफ्ट, स्वतःचा संडास आणि बाथरूम. कागदावर जागा जवळजवळ दुप्पट झाली होती. मी त्यांना घराचा नकाशा काढायला सांगितला आणि तो पाहताना माझ्या लक्षात आले की, एकांताच्या दृष्टीने हे घर चाळीतल्या खोलीपेक्षा वाईट होते.

चाळीत पुरुष माणसे उन्हाळ्यातच काय, पावसाळ्याचे चार महिने सोडले तर वर्षभर गॅलरीत अंथरूण टाकत. इमारतीत गॅलरी नाही, आणि लॉबीत झोपण्यास सोसायटीची मनाई आहे. चाळीतल्या उंच छतामुळे पोटमाळा निघत असे. नव्या घराचे छत इतके खाली आहे की पंख्याखाली हात वर करायलाही जपावे लागते. आणि सर्वांत मोठा फरक म्हणजे संडास घरात आला. ही सोय किती मोठी आहे हे त्या घरातल्या बायकांना विचारावे, पण तो आला तो स्वयंपाकघराला लागून, आणि हॉलमधून तिकडे जायची वाट स्वयंपाकघरातूनच आहे.

हॉल दहा बाय बारा, स्वयंपाकघर सात बाय आठ. हॉलमध्ये दिवाणावर सासरे, खाली सासूबाई, आणि खिडकीजवळ टेबलाशी २५ वर्षांचा धाकटा दीर, जो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होता आणि अभ्यास संपला की तिथेच गादी टाकत असे. नवरा-बायको स्वयंपाकघरात. दोघांची गादी ओटा आणि फ्रिज यांच्यामधल्या पट्ट्यात मावत असे, पाय ओट्याखाली गॅस सिलिंडरच्या बाजूला जात. स्वयंपाकघराला दार नव्हते. नव्या घरात आल्यावर जागा मोकळी वाटावी म्हणून ते काढून टाकले होते आणि लग्न ठरल्यावर तिथे स्टीलच्या रॉडवर पडदा लावला होता. पडदा जमिनीपासून वीतभर वर होता, कारण फरशी पुसताना तो ओला होऊ नये अशी सासूबाईंची काळजी होती. पत्नीने मला सांगितले की रात्री जाग आली की ती त्या वीतभर फटीकडे पाहत राहते. तिथून कोणाची पावले दिसतील या विचाराने तिला झोप लागत नाही.

पुढच्या भेटीपर्यंत मी त्यांना एकच काम दिले: सात रात्री फक्त नोंद ठेवायची. संबंधांबद्दल एक अक्षर लिहायचे नाही. हॉलमधला दिवा किती वाजता बंद झाला, कोण उठले, किती वाजता उठले आणि कुठून गेले, एवढेच लिहायचे. पत्नीने किराणा मालाच्या वहीच्या मागच्या पानांवर ही नोंद केली. दिराचा दिवा रात्री पाऊण ते दीडच्या दरम्यान बंद होत असे. सासऱ्यांना प्रोस्टेटचा त्रास होता, त्यामुळे ते रात्री तीन-चार वेळा पडदा बाजूला करून, सून आणि मुलगा यांच्या उशाशी जपून पाय टाकत संडासला जात. पहाटे पाचच्या सुमारास पाणी येई आणि सासूबाई हंडे-बादल्या भरायला उठत. सातही रात्रींत सलग शांततेचा सर्वांत मोठा तुकडा एक तास पन्नास मिनिटांचा निघाला, तो मंगळवारी पावणेदोन ते तीन पस्तीस असा होता, आणि बुधवारी त्याच वेळेत सासरे दोनदा उठले होते.

या वहीतले सर्वांत उपयोगी निरीक्षण तास-मिनिटांचे नव्हते. कोणत्याही दोन रात्री सारख्या नव्हत्या, ही खरी अडचण होती. एखाद्या घरात रोज रात्री अर्धाच तास मोकळा मिळतो पण तो ठरलेला असतो, तर माणसाचे शरीर त्या अर्ध्या तासाशी जुळवून घेते. इथे दोन तास मिळूनही उपयोग नव्हता, कारण ते मिळाले होते हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळत असे.

शरीराने काय शिकून घेतले होते

पत्नीला संबंधांच्या वेळी दुखत असे आणि योनीभोवतीचे स्नायू आपोआप आवळले जात. पतीची ताठरता मध्येच जात असे. आधी दोघांनाही वाटत होते की आपल्यातच काहीतरी उणे आहे, आणि प्रत्येकाला मनातून वाटत होते की उणे दुसऱ्यात आहे, पण तसे बोलायचे नाही. अशा वेळी शरीराचा आजार आणि परिस्थितीचा परिणाम वेगळा काढण्यासाठी फार महागड्या तपासण्या लागत नाहीत, काही साधे प्रश्न पुरतात. पतीला पहाटे झोपेतून उठताना ताठरता येते का? येत होती, नियमित. म्हणजे रक्तपुरवठा आणि मज्जातंतू ठीक होते. साखर आणि थायरॉईड आधीच तपासलेले होते. पत्नीला गावीही दुखते का? पहिल्या दिवशी दुखते, तिसऱ्या दिवशी नाही. घर बदलले की त्रास बदलत होता. तरीही दुखण्याकडे मी केवळ मनाचा भाग म्हणून पाहिले नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांनी पुन्हा तपासून संसर्ग किंवा अन्य कारण नाही याची खात्री केली, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल सोडण्याचे व्यायाम शिकवले, आणि मगच आम्ही पुढे गेलो.

घडत असे ते असे. दोघेही आवाज ऐकत पडून राहत. दिराच्या खुर्चीचा आवाज, दिवाणाची कुरकुर, फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की जरा निवांत वाटे, कारण तेवढ्या चार-पाच मिनिटांत बारीक आवाज झाकला जाई. मला हे सांगताना पती थांबला आणि म्हणाला की तो आता फ्रिज सुरू व्हायची वाट पाहतो. माणूस इतका कान लावून पडला असेल तर त्याचे शरीर पहाऱ्यावर असते, आणि पहाऱ्यावरचे शरीर प्रेमासाठी सैल होत नाही. त्यात घाई. पत्नीच्या शरीराला तयार व्हायला वेळ मिळत नसे, म्हणून दुखे. दुखणार म्हणून ती आधीच आवळून घेई. ती कळवळली की तो थांबे, आणि पुढच्या वेळी तो सुरुवातीलाच गळाठे. त्यावर डॉक्टरांनी दिलेल्या बारा-चौदा-सोळा या तारखांची भर पडली. तारखा घरात सगळ्यांना ठाऊक होत्या, कारण सोनोग्राफीला कोण कधी गेले हे लपत नाही. चौदाव्या दिवशी सासूबाई रात्री पत्नीला लवकर ओटा आवरायला सांगत. त्यांचा हेतू मायेचा होता. पत्नीला मात्र ते ऐकून पोटात गोळा येई.

दोघांनी बाहेर जागा शोधण्याचाही प्रयत्न केला होता. एका हॉटेलने आधारकार्डावरचा पत्ता मुंबईचाच आहे हे पाहून खोली नाकारली. ‘लोकल आयडी चालत नाही’ हे वाक्य मुंबईतल्या अनेक विवाहित जोडप्यांनी ऐकलेले आहे. त्यांच्याकडे विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र मोबाईलमध्ये होते, पण काउंटरवर उभे राहून ते दाखवण्याची पत्नीला इतकी लाज वाटली की दोघे परतले. मालाडजवळच्या मढ बेटावर २०१५ मध्ये पोलिसांनी हॉटेलांतून जोडप्यांना बाहेर काढल्याच्या बातम्या तिच्या आईने वाचलेल्या होत्या, आणि तिने मुलीला तेव्हाच सांगून ठेवले होते की असल्या ठिकाणी पाऊल टाकायचे नाही. मग आठवड्यातून एकदा दोघे दादर चौपाटीला किंवा वरळी सी-फेसला जाऊन बसत. तिथे काय बोलता, असे मी विचारले तेव्हा दोघांनाही आठवेना. बहुतेक वेळा दिराच्या परीक्षेबद्दल आणि गॅसच्या नंबराबद्दल बोलणे होई. मिळालेल्या एकांताचे काय करायचे, हेही सवयीतून गेले होते, आणि या गोष्टीकडे मी जागेच्या अडचणीइतकेच गंभीरपणे पाहिले.

वेगळे राहण्याचा विषय निघालाच. पत्नीच्या माहेरच्यांचा तोच आग्रह होता. त्यावर पतीच्या एका काकांनी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालाचा हवाला देऊन, आई-वडिलांपासून तोडणारी बायको क्रूर ठरते, असे घरात सुनावले होते. तो निकाल सबळ कारणाशिवाय धरलेल्या हट्टाबद्दल आहे आणि त्या प्रकरणातली परिस्थिती पूर्ण वेगळी होती, एवढे मी दोघांना समजावले, कारण पत्नी त्या एका वाक्याने खरोखर घाबरलेली होती. पण प्रश्न कायद्याचा नव्हताच. दोघांच्या पगारात परवडणारे भाड्याचे घर टिटवाळ्याच्या अलीकडे मिळत नव्हते, रोजचे जाण्या-येण्याचे तीन तास वाढत होते, आणि सासऱ्यांची प्रोस्टेटची शस्त्रक्रिया तोंडावर होती. जायचे नाही हा निर्णय दोघांनी माझ्यासमोर, मोकळेपणी आकडे मांडून घेतला. तो लादलेला नव्हता, आणि त्यामुळे पुढच्या कामाला पाया मिळाला.

पहिला बेत का फसला

दीर रोज रात्री जवळच्या मंडळाच्या अभ्यासिकेत बसू शकत होता, फक्त त्याला कोणी तसे सांगितले नव्हते. नणंद डोंबिवलीला राहत होती आणि आई-वडिलांनी यावे म्हणून मागे लागत असे. म्हणून पतीने ठरवले की दर दुसऱ्या शनिवारी आई-बाबांनी डोंबिवलीला मुक्कामाला जायचे आणि भावाने त्या रात्री उशिरापर्यंत अभ्यासिकेत थांबायचे. त्याने हे आईला स्पष्ट न सांगता नणंदेमार्फत जुळवले. मीही त्या वेळी हरकत घेतली नाही. ही माझी चूक होती.

पहिल्या शनिवारी सासू-सासरे निघताना शेजारच्या काकूंनी दारातच विचारले, “आज पोरांना मोकळं सोडून चाललात वाटतं?” सगळे हसले. दीर बूट घालताना भावाकडे न बघता निघून गेला. दार लागले आणि पत्नी रडायला लागली. त्या रात्री ते दोघे हॉलमध्ये, दिवाणावर, लग्नानंतर पहिल्यांदा मुंबईतल्या स्वतःच्या घरात एकटे झोपले, आणि एकमेकांना हातही लावला नाही. सोमवारी तिने मला सांगितले, “आख्खी बिल्डिंग उद्या आपल्याला विचारणार असं वाटत होतं.” जो एकांत मिळाला होता त्याला कोणीतरी नाव देऊन टाकले होते, आणि नाव मिळताच तो परीक्षेचा हॉल झाला.

यावर आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे सहा आठवडे संबंध पूर्ण बंद. तारखा, सोनोग्राफी, प्रयत्न, सगळे बंद; डॉक्टरांनीही त्यांना तसे सांगितले. त्याऐवजी आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, आळीपाळीने एकाने दुसऱ्याच्या पाठीला, हातांना, पायांना, केसांना स्पर्श करायचा, आणि त्यातून पुढे कुठे जायचे नाही. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९७० च्या सुमारास ही पद्धत मांडली. आपल्याकडच्या घरांत तिचा एक वेगळाच फायदा आहे, तो असा की, पुढे काही करायचेच नाही म्हटल्यावर अर्धा तास मध्येच मोडला तरी काही बिघडत नाही. सासरे उठले, तर उठले. दोघे तेल लावत बसले होते, एवढेच. तिसऱ्या आठवड्यात पतीने सांगितले की एकदा बाबा पडद्यातून गेले आणि आपण थांबलोही नाही, आणि हे सांगताना तो पहिल्यांदा मनापासून हसला.

दुसरी गोष्ट म्हणजे पतीने आईशी बोलणे. हे बोलणे मुलानेच करायचे, सुनेने नाही, याबद्दल मी अजिबात तडजोड करत नाही. सुनेने तेच वाक्य उच्चारले तर ती घरात निर्लज्ज ठरते आणि पुढची दहा वर्षे ते तिच्या नावावर राहते. पती मात्र आठ दिवस टाळत राहिला. “आईला कसं सांगू,” एवढेच म्हणे. आम्ही वाक्य तयार केले, त्यात मूल, डॉक्टर आणि बायको यांपैकी कशाचाच उल्लेख नव्हता: “आई, मला आणि हिला आठवड्यातून दोन वेळा दार लावून बसता आलं पाहिजे. कशासाठी ते विचारू नकोस.” त्याने ते मध्येच गिळत का होईना, सांगितले. सासूबाई त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी मला भेटायची इच्छा व्यक्त केली.

सासूबाई

त्या आल्या त्या रागावूनच. “दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात माणसं होतो, मॅडम. मला तीन पोरं झाली. तेव्हा कोणाला समुपदेशक लागला नाही.” मी त्यांना एवढेच विचारले की, सात माणसांत तुम्हा दोघांना वेळ कधी मिळत असे? त्या आधी वैतागल्या, मग गप्प झाल्या, आणि मग त्यांनी जे सांगितले ते मी गिरणगावातल्या इतरही बायकांकडून ऐकलेले आहे.

सासरे गिरणीत होते. गिरणीच्या तीन पाळ्या: सकाळी सात ते साडेतीन, साडेतीन ते रात्री बारा, आणि बारा ते सकाळी सात. तिसऱ्या पाळीहून माणूस सकाळी येऊन झोपे. दुपारी आजेसासूबाई नातवंडांना आणि नणंदांना घेऊन गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला निवडण-टिपण करायला बसत किंवा भजनाला जात. दार आतून लावलेले असले की कोणी हाक मारायची नाही, दूधवाल्यालाही पुढच्या खोलीतली बाई थांबवत असे. त्याबद्दल कोणी कधी शब्द काढला नाही. “सासूनं मला कधी सांगितलं नाही की जा. ती नुसती सूप घेऊन उठायची.”

म्हणजे त्या घरात व्यवस्था होती. तिला कोणी व्यवस्था म्हणत नव्हते, म्हणून सासूबाईंना ती आठवत नव्हती. त्यांच्या आठवणीत फक्त ‘आम्ही निभावलं’ एवढेच उरले होते. गिरण्या गेल्या, पाळ्या गेल्या, खोलीतले सगळे एकाच वेळी घरी येऊ लागले, एकाच वेळी झोपू लागले आणि मोबाईलमुळे एकाच वेळी जागेही राहू लागले. सूप घेऊन उठणारी बाई आणि बसायला गॅलरी, दोन्ही नव्या इमारतीत राहिली नाहीत. जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. त्याच बोलण्यात सासूबाई हेही म्हणाल्या की त्या दुपारी त्यांना कधी नको वाटले तरी तसे म्हणायची सोय नव्हती. पण वेळ ठरलेली असणे, आणि घरातल्या मोठ्या बाईने ती न बोलता राखणे, या दोन गोष्टींचे मोल त्यांना स्वतःच्या तोंडूनच कळले, मला सांगावे लागले नाही.

इथे एक मर्यादा नोंदवायला हवी. या सासूबाई अडवणूक करणाऱ्या नव्हत्या. काही घरांत पडदा ओढला की नेमके पाणी मागितले जाते, मुलाला रोज रात्री पाय चेपायला बोलावले जाते, सुनेने दार लावले की त्यावर टोमणे येतात. तसे होत असेल तर वेळापत्रक आणि वाक्ये जुळवून भागत नाही, तिथे आधी सुनेची सुरक्षितता आणि मुलाची भूमिका यांवर काम करावे लागते, आणि कधी कधी वेगळे राहणे हाच उपाय असतो. ते ओळखण्याची माझी खूण साधी आहे: कारण दूर केल्यावर अडथळा थांबतो की नवे कारण सापडते, ते पाहायचे.

काय बदलले

सर्वांत आधी झोपण्याच्या जागा बदलल्या, आणि ही कल्पना सासऱ्यांची होती. ज्यांना रात्री संडासला जायचे त्यांनीच संडासाजवळ झोपावे, एवढे सरळ गणित गेली दोन वर्षे कोणी मांडले नव्हते, कारण नवीन जोडप्याला ‘आतली’ जागा द्यायची अशी समजूत होती. आई-बाबा स्वयंपाकघरात गेले. पाणी भरायलाही सासूबाईंना ते सोयीचे पडले. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये सरकते प्लायवूडचे दार बसवले, त्याला हॉलच्या बाजूने छोटी कडी लावली. बाबा रात्री उठले तरी आता ते हॉलमध्ये येत नाहीत. दीर अभ्यासिकेतून साडेबाराला परत येतो, आणि बुधवार व शनिवारी तिथेच पहाटेपर्यंत बसतो. अभ्यास चांगला होतो असे तो म्हणतो, आणि त्यामागचे कारण त्याला माहीत असले तरी ते कोणी बोलत नाही. डोंबिवलीचा मुक्काम महिन्यातून एकदाच ठेवला, आणि तो नातवाच्या शाळेला सुट्टी असेल त्या शनिवारी, म्हणजे त्याला स्वतःचे कारण राहिले.

आवाजाची भीती एका दिवसात गेली नाही. प्लायवूडच्या दारातून खोकलासुद्धा ऐकू येतो. दोघांनी पंखा मोठा ठेवण्याची आणि मोबाईलवर हळू आवाजात गाणी लावून ठेवण्याची सवय केली. आम्ही ठरवले की गाणी रोज रात्री लावायची, केवळ बुधवार-शनिवारी नाही, नाहीतर गाणी हीच घोषणा ठरेल. अशा बारीक गोष्टी बैठकीत बोलताना क्षुल्लक वाटतात. त्या चुकल्या की महिनाभराचे काम वाया जाते, हे मी पहिल्या शनिवारी पाहिलेले होते.

सहा आठवडे पूर्ण होण्याच्या एक आठवडा आधीच दोघांनी स्वतः बंदी उठवली, आणि ते मला जरा अपराधी चेहऱ्याने सांगितले. दुखणे होते, पण कमी. व्यायाम चालू राहिले आणि आणखी दोन महिन्यांनी दुखणे क्वचितच उरले. पाच महिन्यांत एकूण नऊ बैठका झाल्या. शेवटी शेवटी आठवड्यातून एकदा, कधी दोनदा असे प्रमाण स्थिर झाले. त्याहून मला महत्त्वाची वाटली ती पत्नीची एक नोंद, किराण्याच्या त्याच वहीत, एका बुधवारपुढे: ‘नुसते बोललो. दीड तास.’

वैद्यकीयदृष्ट्या त्यांचे ‘नियमित’ वर्ष आता सुरू झाले आहे असे स्त्रीरोगतज्ज्ञांनी त्यांना सांगितले, आणि ते पूर्ण होईपर्यंत कोणतेही औषध किंवा तपासणी नको असेही सांगितले. हे प्रकरण लिहीपर्यंत गर्भधारणा झालेली नाही. सासूबाई अजून दर महिन्याला विचारतात, पण आता मुलाला विचारतात.

नवव्या बैठकीच्या शेवटी पतीने सांगितले की भावाला परीक्षेतून क्लार्कची नोकरी लागली आहे आणि त्याच्यासाठी स्थळे पाहणे सुरू झाले आहे. घरात दुसरे जोडपे येणार, आणि २२५ चौरस फुटांत दुसरे सरकते दार बसणार नाही. गेल्या रविवारी जेवताना सासूबाईंनी सगळ्यांसमोर विषय काढला होता की नवी सून आली की कोण कुठे झोपणार आणि कोणाचा वार कोणता, ते लग्नाची तारीख धरण्याआधी ठरवायचे. जमणार नसेल तर धाकट्याने आधी भाड्याची खोली बघायची आणि मग मुलगी. दीर ताटाकडे बघत राहिला होता. पत्नीने मात्र उठून किराण्याची वही आणली होती.